कोणत्या चौकात थांबायचं

श्रीरामपुरातून बेलापूरकडे निघालं की डाव्या हाताला एक पत्र्याची शेड लागते. दुपारच्या वेळी तिथून क्लॅरिनेटची एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येते, मध्येच ढोल घुमतो, आणि या सगळ्यावर चढलेला असतो पुष्पावतीबाई ससाणे यांचा आवाज. 'सूरसंगम ब्रास बँड'च्या त्या मालकीण. साऱ्या तालुक्याच्या आक्का. स्वतः एकही वाद्य वाजवत नाहीत. पण कोणाचा हात किंचित मागे पडला हे त्यांना पाठमोऱ्या उभ्या असतानाही कळतं, आणि ते कळलंय हे त्या वादकाला घरी जाईपर्यंत कळत राहतं.

त्यांचे यजमान रंगनाथ गेले तेव्हा लोकांनी बँड मोडीतच काढला होता. एकाने तर ढोल विकत मागितले. आक्कांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. मग सगळ्या वादकांना शेडमध्ये बोलावून विचारलं, "मला वाजवता येत न्हाई. तुमाला येतं. आता बोला."

क्लॅरिनेट मास्टर कानिफनाथ मितभाषी माणूस. तो म्हणाला, "आक्का, तुमी सुपारी आना. आमी वाजवतो."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. बँडच्या धंद्यात कार्यक्रम ठरवण्याला सुपारी देणं म्हणतात. लग्नघरचा माणूस खरोखरीची सुपारी आणि नारळ घेऊन शेडमध्ये येतो. आक्का त्याच्या तळहातावर साखर ठेवतात आणि विचारतात, "कुनाच्या तोंडून आलात?" पूर्वी उत्तर यायचं, मेहुण्याच्या, मामाच्या, टाकळीच्या पाटलांच्या. ज्याचं नाव निघेल त्याला आक्का संध्याकाळी फोन करून रामराम घालायच्या. हीच त्यांची जाहिरात.

मग हळूहळू उत्तरं बदलली. "फेसबुकवर पाहिलं." "व्हॉट्सॲपवर तुमचं स्टेटस आलं होतं." आणि आक्कांचा मुलगा करण याची बायको म्हणून मोनिका घरात आल्यावर, "यूट्यूबवर." मोनिका कोपरगावची, बी. कॉम. झालेली, शांत स्वभावाची आणि हट्टी. शांत माणसाचा हट्ट लवकर दिसत नाही, एवढंच. तिने एक साधी गोष्ट केली. एका वरातीचं निघाल्यापासून पोचेपर्यंतचं पूर्ण चित्रण केलं, कुठेही न कापता यूट्यूबवर टाकलं, नावात गावाचं नाव घातलं आणि खाली फोन नंबर दिला. आक्का म्हणाल्या होत्या, "एवढं लांबलचक कोन बघनार?" पण ज्यांच्या घरी लग्न होतं ते बघत होते. घरच्या टीव्हीवर लावून, काका, आत्या, नवरदेव सगळे बसून, बँड पसंत करत होते. यूट्यूबच्या तोंडून आलेल्या माणसाला रामराम कसा घालायचा, हा आक्कांपुढे खरा प्रश्न पडला. शेवटी त्या सुनेलाच म्हणाल्या, "तुझ्या त्या यूट्यूबला माझा रामराम सांग."

अशा घरात एके दिवशी 'चमक' आलं.

चमक हे नवं ॲप. अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या चित्रफिती, एकीवरून बोट सरकवलं की दुसरी. वैशाखात ज्याच्या त्याच्या हातात तेच दिसू लागलं. नेवाशाकडच्या 'धडाका बँड'चा झांजवाला झांज हवेत उडवतो, गिरकी घेतो आणि पुन्हा झेलतो, अशी एक फीत त्यावर गाजली. भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना भाजीवालीने ती आक्कांना दाखवली आणि वर विचारलं, "आक्का, तुमचा बँड न्हाई का यात?"

आक्का जुडी तिथेच विसरून घरी आल्या.

साधारणपणे अशा गोष्टीत सासू नको म्हणते आणि सून हवं म्हणते. ससाण्यांच्या घरात उलट झालं.

"मोना, आपुन चमकीवर का न्हाई?"

"आत्या, लगनसराई ऐन भरात आहे. आत्ता नको."

"नेवाशाचे हायेत."

"असू द्यात. आपल्या यूट्यूबखाली लोक प्रश्न विचारतात, त्यांना उत्तर द्यायला मला वेळ पुरत नाही. आहे ते घर नीट झाडायचं सोडून दुसरं भाड्याने घ्यायचं का?"

"पन सगळं गाव तिथं जमलंय!"

"गाव जमलंय. सुपारी देणारा जमलाय का? ते बघायला हवं." मोनिकाने चहाचं आधण ठेवलं. "यूट्यूबवर माणूस बँड शोधत येतो. चमकवर तो काही शोधत नसतो, समोर येईल ते बघून पुढे सरकतो. दोन्हीत फरक आहे."

आक्कांना फरक पटला नाही, पण सून पटली होती. शेवटी तडजोड झाली. चमकवर 'सूरसंगम ब्रास बँड श्रीरामपूर' हे नाव तेवढं घेऊन ठेवायचं, म्हणजे उद्या दुसरा कोणी त्या नावाने बसायला नको. बाकी सगळं आषाढात, लग्नं संपल्यावर, सवडीने करून बघायचं. आक्का "बरं" म्हणाल्या. त्यांचं "बरं" ओळखणारी माणसं त्या वेळी घरात नव्हती.

त्याच आठवड्यात मोनिकाच्या बहिणीचं बाळंतपण आलं आणि ती महिन्याभरासाठी कोपरगावला गेली. जाताना बँडचा फोन आक्कांच्या हाती दिला. "यूट्यूबखाली कोणी तारीख विचारली तर नंबर द्या, आत्या. एवढंच करा."

आक्कांनी एवढं सोडून बाकी सगळं केलं.

राहुरीकडच्या एका गावात लग्न होतं. आपल्याकडे लग्न लागायच्या आधी परण्या निघतो. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, आणि मारुतीचं दर्शन घेऊन मिरवणूक मांडवात येते. वेळ ठरलेली असते, कारण मांडवात भटजी घड्याळ बघत बसलेले असतात. मारुतीच्या पाराजवळ आक्कांनी फोन वर धरला आणि झांजवाल्याला म्हणाल्या, "उडव!"

झांजवाले भाऊसाहेब साठीच्या घरातले. त्यांनी जन्मात झांज उडवली नव्हती. पहिल्यांदा ती घोड्याच्या पुढ्यात पडली, घोडं बिचकलं. दुसऱ्यांदा कानिफनाथने चाल धरली आणि आक्काच ओरडल्या, "थांबा, थांबा, माझं बोट कॅमेऱ्यावर हुतं. परत पहिल्यापासून!" तिसऱ्यांदा भाऊसाहेबांनी झांज झेलली, पण गिरकी पूर्ण न होता ते पारावरच बसले, आणि घाबरून धावत गेलेल्या आक्का स्वतःच त्यांच्याभोवती गरगर फिरल्या. आक्कांनी धावताना हातात कोंबलेला फोन तसाच धरून नवरदेवाचा एक मित्र हे टिपत होता, बाकीचे हसून लोळत होते. मांडवातून निरोपावर निरोप येत होते.

नवरीचे मामा शेवटी स्वतः चालत आले. कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाई, आमी सुपारी लग्नाची दिली हुती का शूटिंगची?"

आक्कांनी फोन परत घेऊन कनवटीला खोचला आणि परण्या धावतपळत मांडवात नेला. लग्न लागलं, अक्षता पडल्या. परतीच्या टेम्पोत भाऊसाहेब गुडघा चोळत म्हणाले, "आक्का, पुढच्या टायमाला ढोल उडवू का?"

गंमत अशी की ती फीत तुफान चालली. कोणातरी पोराकडून आक्कांनी ती, खाली नंबर घालून, चमकवर टाकून घेतली होती. पारावर बसलेले भाऊसाहेब आणि त्यांच्याभोवती गिरकी घेणाऱ्या आक्का लाखो लोकांनी पाहिल्या. फोन वाजायला लागला. आक्का हरखून गेल्या. पहिला फोन कुठल्यातरी दूरच्या राज्यातून, समोरचा हिंदीत खिदळत होता. दुसरा पुण्याच्या कॉलेजमधल्या मुलीचा, "आजी, परत एकदा गोल फिरा ना!" तिसऱ्याने गाणं म्हणून दाखवलं. आक्का प्रत्येकाला विचारत होत्या, "लग्न कुनाचं हाय? तारीख काय?" लग्न कोणाचंच नव्हतं.

मोनिका परत आली तेव्हा बहिणीला मुलगी झाल्याचे पेढे तिच्या हातात होते आणि चेहरा उजळलेला होता. तिने फोन घेतला, चमकवरची फीत पाहिली, आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग सवयीने यूट्यूब उघडलं आणि हसू थांबलं.

मोठ्या वरातीच्या चित्रफितीखाली संगमनेरच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, "मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. तारीख मोकळी आहे का?" काही दिवसांनी पुन्हा, "कृपया कळवा, घरात सर्वांना तुमचा बँड आवडला आहे." आणि त्याखाली, "राहू द्या. दुसरीकडे ठरलं."

तिने फोन आक्कांपुढे धरला. आक्कांनी चष्मा लावून तीनही ओळी वाचल्या.

"घरात सगळ्यांना आवडला हुता," त्या हळूच म्हणाल्या.

"हो."

"आन मी गोल फिरत हुते."

मोनिकाला राग आला होता, पण सासूचा पडलेला चेहरा बघून तो राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. तिने एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

हे सगळं एवढं मनाला लागण्याचं कारण दसऱ्यात होतं. बँडवाल्यांचा हंगाम दसऱ्याला बांधला जातो. वाद्यांची पूजा झाली की मालकाने प्रत्येक वादकाला सांगायचं, या वर्षी तू माझ्याकडे. तो शब्द द्यायचा तर पुढच्या लगनसराईच्या पुरेशा सुपाऱ्या आधी हातात हव्यात. त्या वर्षी सुपाऱ्या कमी होत्या. आक्कांना कळत होतं, अशाच राहिल्या तर निम्म्यांनाच शब्द देता येईल. निम्मा बँड म्हणजे बँड नव्हे. आणि नेवाशाच्या धडाका बँडने कानिफनाथला निरोप धाडला होता. तो त्याने लपवला नाही. शेडमध्ये येऊन सांगितलं, "आक्का, त्यांनी बोलावलंय. मी दसऱ्यापतुर थांबतो. पोराचं शिक्षन हाय. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाला वाटंल," आक्का म्हणाल्या, आणि दिवसभर त्यांनी कोणावर आवाज चढवला नाही. सगळे वादक घाबरले.

आषाढ लागला. लग्नं संपली. शेडमध्ये वाद्यांना तेलपाणी चाललं होतं. मोनिका फोन घेऊन एका स्टुलावर बसली होती. त्या गाजलेल्या फितीखालच्या हजारो शेऱ्यांमधून ती धीराने खाली खाली जात होती.

"कशाला वाचतीस? बंद करून टाक ती चमक," आक्का म्हणाल्या. आता त्यांचा लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता. "पुन्यांदा नाव काढनार न्हाई मी."

"थांबा आत्या. हे ऐका. राहात्याची मुलगी आहे. 'हळदीला नुसतं क्लॅरिनेट आणि ढोलकी येईल का? आमचं अंगण लहान आहे.'" तिने आणखी खाली नेलं. "ही बेलवंडीची. 'मोठा बँड नको, ते पांढऱ्या मिशांचे काका क्लॅरिनेट वाजवतात ते एकटे हवेत. माझ्या हळदीला.'"

कानिफनाथने मिशीवरून हात फिरवला आणि दुसरीकडे बघितलं.

"हसणाऱ्यांत या लपल्या होत्या," मोनिका म्हणाली. "वरातीचा बँड घरातले मोठे ठरवतात. ते यूट्यूबवर आहेत. पण हळदीला काय वाजवायचं ते हल्ली नवरी आणि तिच्या बहिणी ठरवतात. या मुली आपल्याकडे आजवर कधी आल्याच नव्हत्या."

आक्का स्टुलाजवळ येऊन फोनमध्ये डोकावल्या. बोलला तो कानिफनाथ, आणि त्याला बोलताना ऐकून भाऊसाहेबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"वरातीत आपुन परत्येक चौकात थांबत न्हाई," तो म्हणाला. "आदी बघतो, तिथं उभं कोन हाय. नवरीकडचे असले तर शांत चाल लावतो. पोरं असली तर ठेका. नुसती रिकामी गर्दी असली तर वाजवत पुढं जातो. पन नव्या चौकात एकदा तरी थांबून बघावंच लागतं. मातर तवर मागची वरात तुटली न्हाई पायजे."

"मास्टर, एवढं तुम्ही कधी बोलला होतात?" मोनिकाने विचारलं.

"सवताच्या लग्नात. भटजी 'सावधान' म्हनले, तवा 'व्हय' म्हनले हुते," भाऊसाहेब म्हणाले, आणि शेड कितीतरी दिवसांनी हसली.

मग सासू-सुनेने करार केला. तोंडी, पण पक्का. गणपती बसेपर्यंत चमकवर करून बघायचं. नवं चित्रण करत बसायचं नाही. जुन्या हळदीच्या, अंगणातल्या वाजवण्याचे तुकडे काढायचे. आठवड्याला दोनच. प्रत्येकावर श्रीरामपूरचं नाव आणि हेही लिहायचं, 'फोन केल्यावर हळदीचा सूर हवा असं सांगा.' म्हणजे चमकवरून कोण आलं ते आपोआप कळेल. किती जणांनी पाहिलं ते मोजायचं नाही. टेम्पोने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या टप्प्यातून हळदीची एकतरी खरी सुपारी आली, तर पुढचा विचार. नाही आली तर नाव तेवढं ठेवायचं आणि गप्प बसायचं.

"आन बाकीचा वेळ?" आक्कांनी विचारलं.

"बाकी सगळा वेळ यूट्यूब आणि व्हॉट्सॲपला. आणि तो तुम्ही द्यायचा."

तो आक्कांनी असा दिला की मोनिकालाच आवरणं कठीण झालं. रोज सकाळी चष्मा लावून त्या बसायच्या आणि यूट्यूबखालच्या एकेका जुन्या प्रश्नाला उत्तर सांगायच्या, मोनिका लिहायची. संगमनेरच्या गृहस्थांनाही त्यांनी लिहायला लावलं, "उत्तर द्यायला चुकले. नवरा-नवरीला माझा आशीर्वाद सांगा." मोनिकाने लांब चित्रणांचे वेगळे भागही पाडले, परण्या, वरात, शांत चाली, म्हणजे ज्याला जे हवं ते सापडावं. मग तिला एक कल्पना सुचली. आक्कांना शेडच्या दारात खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "लोक फोनवर विचारतात तेच सांगा. बँड कसा निवडायचा."

आक्का कॅमेऱ्याकडे न बघता मोनिकाकडे बघून बोलत सुटल्या. "आदी आपली गल्ली बघा. गल्ली लहान आन मानसं भरमसाट, असं केलं तर मागच्याला पुढचं ऐकू येत न्हाई, मग दोघं दोन चाली वाजवत्यात. म्हातारी मानसं लई असली तर ढोल कमी सांगा. आन वरात किती येळ चालनार ते खरं सांगा. खोटं सांगून शेवटाला बँडवाल्याला पळवू नका, त्याला पन पाय हायेत."

लोकांनी ते ऐकलं, एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. नेवाशाच्या एका माणसाचा फोन आला, "बँड आमच्याकडचाच ठरवलाय आक्का, पण तुमचं ऐकून मानसं कमी केली." आक्कांना यातून मिळालं काहीच नाही, पण दिवसभर त्या हे सगळ्यांना सांगत होत्या. मोनिकाने नोंद घेतली ती दुसऱ्या गोष्टीची. तारखा विचारणारे फोन वाढले होते, आणि बरेच जण सुरुवातच अशी करत होते, "आक्का, तुम्ही सांगितलं तसं गल्ली मोजली आहे."

चमककडे मात्र सामसूम होती. आषाढ गेला, श्रावण अर्धा सरला. हळदीचा सूर कोणी मागितला नाही.

"भाऊसाहेबांना एकदा उडवायला सांगू का?" आक्कांनी दबकत विचारलं.

"आत्या!"

"नुसतं इचारलं गं."

पण मोनिका विचारात पडली. तिने टाकलेले तुकडे पुन्हा पाहिले. सगळ्यांची सुरुवात बँडच्या लाल गणवेशापासून होती. हळदीच्या घरातली मुलगी तो गणवेश बघते आणि तिला वाटतं, हा तर वरातीचा बँड. बोट सरकतं. तिने एकच बदल केला. पहिल्यांदा अंगण, पिवळा पाट, हसणारी नवरी. त्या घरच्यांना विचारून, जुन्याच चित्रणातून घेतलेलं. मागून क्लॅरिनेट. बँडवाले नंतर, आणि तेही साध्या सदऱ्यात बसलेले.

पोळ्याच्या दिवशी फोन वाजला. आक्का पुरण वाटत होत्या. मोनिकाने फोनचा आवाज मोठा केला. एक मुलगी अडखळत म्हणाली, "ते... हळदीचा सूर हवा होता. राहात्याहून बोलतेय."

आक्कांचा पुरणाचा हात तसाच कपाळाला गेला.

दोन दिवसांनी ती मुलगी आजोबांना घेऊन शेडमध्ये आली. आजोबा उंच, फेटा बांधलेले, काठी टेकत सगळी वाद्यं निरखत फिरले. आक्कांनी साखर पुढे केली. "कुनाच्या तोंडून आलात?"

"ही नात," आजोबा म्हणाले. "तिनं तुमाला त्या चमकीवर पाह्यलं. मला म्हनली, हळदीला ही दोन मानसं आनायची. मी म्हनलो, दोन मानसं आनायची तर आदी त्यांचं अख्खं वाजवनं दाखव. मग तिनं टीव्हीवर तुमची ती वरात लावली. निघाल्यापासून पोचेपतुर, सगळी पाह्यली मी. चहा दोनदा झाला." त्यांनी कानिफनाथकडे काठी केली. "मधी एक शांत चाल हाय. माझ्या लग्नात वाजली हुती ती. हळद तिची, तिला पायजे तशी. वरात माझी. अख्खा बँड पायजे."

आजोबांनी पिशवीतून दोन नारळ काढले.

ते गेल्यावर आक्का शेडभर फिरत राहिल्या. "चमकीवर ओळख झाली आन यूट्यूबवर पारख झाली," त्या म्हणत होत्या. "बघ मोना! आता सगळंच चमकीवर टाकू. वरात बी टाकू, परन्या बी टाकू!"

"नाही, आत्या."

"आं?"

"हळद तेवढीच. ते चाललंय कारण तिथं हळदवाल्या मुली आहेत. वरातीचं गिऱ्हाईक अजून टीव्हीपुढेच बसलंय, त्याला तिथून उठवायचं कशाला? पुढच्या आषाढात पुन्हा बघू."

आक्कांनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. "बरं," त्या म्हणाल्या. या वेळी मोनिकाने त्यांच्याकडे नीट रोखून बघितलं. "अगं, खरंच बरं!"

घट बसेपर्यंत हळदीच्या आणखी तीन-चार सुपाऱ्या आल्या, त्यांतल्या एकीमागून पुन्हा वरात. मोठा भार मात्र यूट्यूबने आणि व्हॉट्सॲपने उचलला. गल्ली मोजून फोन करणारी माणसं एकामागून एक शेडमध्ये येऊ लागली, आणि साखरेचा डबा भाद्रपदात दोनदा भरावा लागला. हळदीचं एक बरं झालं, की ज्या संध्याकाळी वरात नसते तेव्हाही दोघा-तिघांना काम मिळणार होतं. भाऊसाहेब ढोलकी बरी वाजवतात, हे त्या निमित्ताने उघडकीला आलं. "बसून वाजवायचं काम हाय, मला जमतंय," ते म्हणाले.

नेवाशाच्या बँडचा निरोप दुसऱ्यांदा आला तेव्हा कानिफनाथने काय उत्तर दिलं ते कोणाला कळलं नाही. आक्कांनी विचारलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला थांबा म्हणायचं असेल तर आधी आपल्या हातात काहीतरी असावं.

दसऱ्याला सकाळी शेड धुतली. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम पांढऱ्या कापडावर ओळीने मांडली, ढोलांना झेंडूच्या माळा घातल्या. करणने टेम्पोलाही हार घातला. सगळे वादक आंघोळ करून, धुतलेले सदरे घालून उभे होते आणि उगाचच एकमेकांच्या बाह्या सारख्या करत होते. मोनिकाने आरती ओवाळली.

मग आक्का पुढे झाल्या. प्रथेप्रमाणे एकेकाचं नाव घेऊन शब्द द्यायचा असतो. त्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं, ट्रम्पेटवाल्याकडे बघितलं, मागच्या ओळीतल्या नव्या ढोलवाल्याकडे बघितलं. शेवटी कानिफनाथवर नजर थांबली. त्याने मान खाली घातली होती.

"एकेकाचं नाव काय घ्यायचं," आक्का म्हणाल्या. "सगळे. सगळेच्या सगळे. आन हळदीला जायला अजून एक ढोलकीवाला लागंल, कुनाच्या वळखीत असंल तर सांगा." इथवर त्या नीट बोलल्या. पुढे त्यांना म्हणायचं होतं, मास्टर, तुमी थांबता का? पण त्याऐवजी त्या कापडावरचं क्लॅरिनेट उगाचच सरळ करू लागल्या.

कानिफनाथ वाकला. कापडावरून क्लॅरिनेट उचललं, त्याच्या तोंडाची वेताची जिभाळी ओठाला लावून ओली केली.

"आक्का, बाजूला व्हा," तो म्हणाला. "वाजवायला जागा पायजे."